धागा : रूट लोकस – गेनऐवजी पेनस्टॉकचा Tw बदलत असेल तर, आणि गेनपुढे उणे चिन्ह आले तर

मृण्मयी

नमस्कार. माझ्या एम.ई.च्या प्रकल्पात एका जलविद्युत संचाच्या गव्हर्नरचा अभ्यास आहे. संच ग्रिडपासून तुटून एकट्यानेच स्थानिक भार सांभाळतो आहे, असे गृहीत धरले आहे. टर्बाइन आणि पेनस्टॉक यांच्यासाठी नेहमीचे साधे प्रतिमान घेतले आहे, त्यात Tw म्हणजे पेनस्टॉकमधल्या पाण्याच्या जडत्वाचा काळ :

`(1 - Tw·s) / (1 + 0.5·Tw·s)`

फिरत्या भागासाठी `1/(M·s)` घेतले असून M = १० सेकंद आहे. गव्हर्नर सध्या केवळ प्रमाणबद्ध आहे. त्याचा गेन Kp, म्हणजे ड्रूपचा व्यस्तांक. सोयीसाठी k = Kp/M असे लिहिते.

Tw = १ सेकंद घेऊन मी हाताने रूट लोकस काढला. पोल ० आणि −२ वर, झीरो +१ वर. वास्तव अक्षावर ज्याच्या उजवीकडे विषम संख्येने पोल-झीरो असतील तो भाग लोकसचा, या नियमाने ० ते १ हा भाग आला आणि −२ च्या डावीकडचा आला. म्हणजे शून्यावरचा पोल थेट उजव्या अर्धप्रतलात शिरतो आणि गेन कितीही लहान असला तरी संच अस्थिर ठरतो. प्रत्यक्षात असे संच चालतात हे तर उघड आहे. शिवाय संगणकाला तेच दिले तर तो एक वर्तुळ काढून दाखवतो, आणि लहान गेनला मुळे डावीकडेच राहतात.

दुसरा प्रश्न असा की भार बदलला की Tw बदलतो. मार्गदर्शकांना k स्थिर ठेवून Tw बदलताना मुळे कशी सरकतात हे हवे आहे. Tw तर अंशातही आहे आणि छेदातही. मग त्याचा लोकस काढायचा कसा?

दशांश

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तुमचा फीडबॅक ऋण आहे, म्हणून १८० अंशांचा नियम लागू होतो. शून्य अंशांचा नियम धन फीडबॅकसाठी असतो. मी बरीच वर्षे गेट परीक्षेचे वर्ग घेतो आहे आणि विद्यार्थ्यांना हेच सांगतो. तेव्हा तुमची हाताने काढलेली आकृती बरोबर असावी आणि संगणकाला माहिती देताना चिन्हाची काहीतरी गल्लत झाली असावी.

दुसऱ्याबाबत, Tw ची चार-पाच मूल्ये घ्या आणि प्रत्येकासाठी k चा वेगळा लोकस काढा. प्रत्येक आकृतीवर k = ०.५ चा बिंदू खुणेने दाखवा आणि ते बिंदू जोडा.

तळटीप

दशांश यांनी सांगितलेला दुसरा मार्ग चालण्यासारखा आहे, फक्त कष्टाचा आहे. पहिल्याबाबत मात्र मी असहमत आहे, कारण कोणता नियम लावायचा हे फीडबॅकच्या चिन्हावरून ठरत नाही. ते ठरते लाक्षणिक समीकरण प्रमाण रूपात आणल्यावर गेनपुढे जे चिन्ह शिल्लक राहते त्यावरून. प्रमाण रूप म्हणजे अंश आणि छेद या दोहोंत s च्या सर्वोच्च घाताचा सहगुणक +१ असलेले रूप. पोल आणि झीरो कागदावर मांडतो तेव्हा आपण नकळत याच रूपात गेलेलो असतो, आणि नेमके तिथेच हे उणे चिन्ह हरवते.

मृण्मयी यांचे समीकरण Tw = १ साठी लिहून पाहू :

`1 + k(1 - s) / (s(1 + 0.5s)) = 0`

अंशातील (1 − s) म्हणजे −(s − 1). छेदातील ०.५ बाहेर काढला की

`1 - 2k(s - 1) / (s(s + 2)) = 0`

फीडबॅक ऋणच आहे, k धनच आहे, तरीही प्रमाण रूपातला गेन −2k, म्हणजे ऋण झाला. म्हणून `(s - 1)/(s(s + 2))` या राशीचा कोन येथे १८० नव्हे, शून्य अंश असायला हवा. वास्तव अक्षावर आता उजवीकडे सम संख्येने पोल-झीरो असलेला भाग घ्यायचा, आणि शून्य ही संख्याही सम धरायची. तसे केले की −२ ते ० हा भाग येतो आणि +१ च्या उजवीकडचा येतो. तुम्ही घेतलेले दोन्ही भाग गळतात.

फुटण्याचे बिंदू काढायचे समीकरण दोन्ही नियमांत एकच असते : s² − 2s − 2 = 0, म्हणून s = −०.७३२ आणि s = २.७३२. पहिल्या बिंदूवर 2k = ०.५३६ येतो आणि दुसऱ्यावर ७.४६४. दोन्ही धन आहेत, म्हणून दोन्ही तुमच्या लोकसवर आहेत. मधला भाग म्हणजे +१ हे केंद्र आणि √३ ही त्रिज्या असलेले वर्तुळ. संगणकाने काढलेले वर्तुळ ते हेच. ते काल्पनिक अक्षाला ±j१.४१४ वर छेदते, तेव्हा k = १ असतो. म्हणजे Kp १० पेक्षा कमी, किंवा ड्रूप १० टक्क्यांहून अधिक, ही स्थिरतेची अट झाली.

भौतिक अर्थाने पाहिले तरी हेच पटते. गेट उघडताच पाण्याचा स्तंभ जडत्वामुळे लगेच वेग घेत नाही, टर्बाइनपाशी दाब क्षणभर पडतो आणि शक्ती वाढण्याऐवजी आधी घटते. पण सावकाश चाललेल्या क्रियेत अखेरची दिशा बरोबर असते, म्हणून लहान गेनला संच स्थिर असायलाच हवा. लहान गेनलाच अस्थिरता दाखवणारी आकृती समोर आली की पहिला संशय चिन्हावर घ्यावा.

रिकामटेकडा

गेन ऋण झाला तर एवढे काय बिघडले? आमच्या अॅम्प्लिफायरचा गेन −६ डेसिबल असतो, म्हणजे सिग्नल निम्मा होतो इतकेच. बोडे आलेखात तर ऋण गेन सर्रास दिसतो.

तळटीप

डेसिबलमधील ऋण आकडा म्हणजे १ पेक्षा लहान पण धन गेन, रिकामटेकडा. येथे प्रश्न गुणकाच्या चिन्हाचा आहे. −६ डेसिबलने कोन बदलत नाही, −०.५ या गुणकाने तो १८० अंशांनी फिरतो.

दशांश

प्रमाण रूपाचा मुद्दा मान्य आहे. तरी एक शंका उरते. ते उणे चिन्ह गेनमध्ये ढकलले तर आपण ऋण गेनचाच लोकस काढतो आहोत, म्हणजे ज्याला पुस्तकांत पूरक लोकस म्हणतात तोच. मग मृण्मयी यांनी काढलेली आकृती अगदीच निरर्थक ठरते का?

तळटीप

निरर्थक नाही, ती वेगळ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे. वेग मोजणाऱ्या संवेदकाची जोडणी उलटी झाली आणि k चे चिन्ह फिरले, तर प्रमाण रूपातला गेन धन होतो आणि मुळे त्यांनी काढलेल्या मार्गावरून जातात. उदाहरणार्थ k = −०.०५ घेतला तर एक मूळ +०.०४७ वर येते. वारंवारता न डोलता एकाच दिशेने पळत सुटते आणि तो काळाचा स्थिरांक सुमारे २१ सेकंद असतो. उलट, जोडणी योग्य असून गेन जास्त झाला तर वारंवारता वाढत्या आवाक्याने वरखाली डोलते. चाचणी घेताना हा फरक आलेखावर लगेच ओळखू येतो. डोलणे दिसले तर गेन कमी करून पाहावा. एकाच बाजूला सरकणे दिसले तर गेनला हात न लावता आधी जोडणी तपासावी, कारण k ऋण असताना त्याचे कोणतेही मूल्य संच स्थिर करू शकत नाही.

आता दुसरा प्रश्न. Tw दोन ठिकाणी असल्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. लाक्षणिक समीकरणाचा अपूर्णांक मोडून ते बहुपदी रूपात लिहावे, Tw असलेली पदे एका बाजूला गोळा करावीत आणि उरलेल्या पदांनी सगळ्याला भागावे. हे जमण्यासाठी Tw समीकरणात केवळ पहिल्या घातात यायला हवा, आणि येथे तो तसाच येतो. k = ०.५ घेतो :

`0.5·Tw·s² + (1 - 0.5·Tw)·s + 0.5 = 0`

`(s + 0.5) + Tw·0.5·s(s - 1) = 0`

`1 + Tw · 0.5·s(s - 1)/(s + 0.5) = 0`

आता Tw नेमका गेनच्या जागी आला. या नव्या राशीचा पोल −०.५ वर आहे आणि झीरो ० व १ वर आहेत. हे ना टर्बाइनचे पोल आहेत ना गव्हर्नरचे. −०.५ हा Tw = ० असतानाचा, म्हणजे पाण्याला जडत्वच नसतानाचा, बंद लूपचा पोल आहे. ही राशी केवळ मुळे शोधण्यासाठी रचलेली आहे, तेव्हा तिच्यावरून स्टेप प्रतिसाद किंवा स्थिर अवस्थेतील त्रुटी काढू नये. k बदलला की तिचे पोल-झीरोही बदलतात, आणि लोकस नव्याने काढावा लागतो.

एक गंमत पाहा. संयंत्र तेच, उजव्या अर्धप्रतलातला झीरोही तोच, पण या रूपात Tw पुढचे चिन्ह धन आहे. म्हणून येथे १८० अंशांचा नेहमीचा नियम लागतो. ‘उजवीकडे झीरो असला की शून्य अंशांचा नियम’ असे पाठ करून ठेवणारा येथे फसतो.

मृण्मयी

चिन्हाचे आता स्पष्ट झाले. पण या राशीत अंशाचा घात छेदापेक्षा मोठा आहे. झीरो दोन आणि पोल एकच. लोकसच्या शाखा पोलपासून सुरू होतात असे शिकवलेले आहे, तर दुसरी शाखा कुठून निघते?

तळटीप

ती अनंतापासून निघते. Tw = ० असताना समीकरण पहिल्या घाताचे असते, म्हणून मूळ एकच. Tw किंचित जरी वाढला की समीकरण दुसऱ्या घाताचे होते आणि दुसरे मूळ डावीकडे अतिदूर, साधारण −2/Tw पाशी, प्रकट होते. तेथून ते उजवीकडे सरकते. Tw = ०.३ सेकंदाला मुळे −५ आणि −०.६६७ वर आहेत, आणि Tw = ०.५३६ ला दोन्ही −१.३६६ वर भेटतात. तेथून ती वर्तुळावर चढतात. त्याचे केंद्र −०.५ आणि त्रिज्या ०.८६६. Tw = १ ला ती वर्तुळाच्या माथ्यावर, −०.५ ± j०.८६६ वर असतात, म्हणजे अवमंदन गुणोत्तर ०.५. Tw = २ ला ±j०.७०७ वर काल्पनिक अक्ष ओलांडतात, आणि त्या सीमेवर डोलण्याचा आवर्तकाल सुमारे ८.९ सेकंद येतो. पुढचा प्रवास उजवीकडेच आहे : ७.४६४ ला +०.३६६ वर भेट, मग एक मूळ ० कडे आणि दुसरे १ कडे.

हाताने काढताना अनंतापासून येणारी शाखा गैरसोयीची वाटत असेल तर Tw ऐवजी 1/Tw ला बदलती राशी माना. तेव्हा `(2s + 1)/(s(s - 1))` ही सरळ राशी मिळते. वक्र तोच राहतो, फक्त बाण उलटे होतात. सुरुवात उजव्या अर्धप्रतलातून झालेली पाहून बावरू नये, कारण तेथे Tw अनंत आहे.

पडताळा घ्यायचा तर कोणत्याही खास आज्ञेची गरज नाही :

```
for Tw = [0.3 0.536 1 2 4 7.464]
  disp(roots([0.5*Tw, 1-0.5*Tw, 0.5]).')
end
```

आणखी एक तपासणी अशी की k = ०.५, Tw = १ हा बिंदू दोन्ही लोकसवर असायला हवा. k च्या लोकसचे वर्तुळ (केंद्र १, त्रिज्या √३) आणि Tw च्या लोकसचे वर्तुळ (केंद्र −०.५, त्रिज्या ०.८६६) ही दोन्ही −०.५ ± j०.८६६ मधूनच जातात. एकाच संयंत्राचे दोन वेगवेगळे लोकस काढल्यावर ते सामाईक कार्यबिंदूत मिळत नसतील, तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे असे खुशाल समजावे.

दशांश

मला वाटते, अहवालात Tw शून्यापासून दाखवण्याऐवजी नेहमीच्या मूल्याभोवतीचा फरक दाखवणे अधिक उपयोगी होईल. Tw = १ + δ लिहिले तर मिळते

`(s² + s + 1) + δ·s(s - 1) = 0`

आता पोल थेट कार्यबिंदूवर येतात आणि अंश-छेदाचा घातही समान होतो. भार वाढला तर δ धन, घटला तर ऋण. शून्य अंशांचा नियम खऱ्या अर्थाने येथे हवा असतो, हे या धाग्यामुळे माझ्या लक्षात आले. वर्गात आम्ही तो ‘धन फीडबॅक असेल तर’ एवढे म्हणून सोडून देतो.

तळटीप

अगदी योग्य, आणि सहनशीलतेचा अभ्यास करताना हेच रूप वापरावे. एक सावधगिरी बाळगा. घात समान असल्यामुळे δ = −१ ला s² चे पद नाहीसे होते, म्हणजे परिमित मूल्यालाच एक मूळ अनंताला जाते. δ त्याहून खाली नेला तर ते मूळ +∞ कडून परत येते आणि संगणक उजवीकडे एक शाखा रंगवतो. Tw ऋण असू शकत नाही, म्हणून ती शाखा दुर्लक्षावी. ही आकृती अहवालात तशीच चिकटवली तर परीक्षक त्यावरच बोट ठेवतील.

पेनस्टॉक

मी एका छोट्या जलविद्युत केंद्रावर काम करतो. केंद्राचे नाव लिहीत नाही. आमच्याकडे जुना यांत्रिक-द्रवीय गव्हर्नर आहे, डॅशपॉटसह. Tw म्हणजे केवळ कागदी आकडा नव्हे, तो LU/gH असतो. पेनस्टॉकची लांबी ३०० मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला ४ मीटर आणि हेड १२० मीटर धरले तर साधारण १ सेकंद येतो. वेग प्रवाहाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे पूर्ण भाराला Tw सर्वांत मोठा आणि कमी भाराला लहान.

पण तुमच्या हिशेबातला २० टक्के ड्रूप कोणीही ठेवत नाही. आमचा कायमचा ड्रूप ५ टक्के आहे. तुमच्या सूत्राने Kp = २०, म्हणजे k = २, आणि मग संच अस्थिर ठरतो. आमचा तर चालतो.

माझी तक्रार वेगळी आहे. ग्रिड गेल्यावर गावाचा भार घेऊन चालताना कधीकधी वारंवारता अंदाजे १२ सेकंदांच्या आवर्तकालाने डोलत राहते. हे Tw मुळेच होते असे म्हणता येईल का?

तळटीप

तुमचा संच चालतो तो डॅशपॉटमुळे. केवळ ५ टक्के ड्रूपवर Tw = १ आणि M = १० असलेला एकाकी संच खरोखरच अस्थिर असतो. मुळे १ ± j१.७३२ वर येतात. डॅशपॉट जलद बदलांपुरता मोठा तात्पुरता ड्रूप देतो आणि सावकाश तो काढून घेतो. किती सावकाश, ते Tr या काळावर ठरते, आणि सुईझडप फिरवून तुम्ही हाच Tr बदलता.

म्हणून तुमच्या केंद्रासाठी बदलती राशी Tr घ्यावी. कायमचा ड्रूप ०.०५ आणि तात्पुरता ०.४ धरतो. वरच्याच पद्धतीने पदे गोळा केली तर

`(0.25s² - 0.5s + 1) + Tr·s(2s + 1)(s + 1) = 0`

पहिला कंस म्हणजे Tr = ०, म्हणजे डॅशपॉट जणू नाहीच. त्याची मुळे म्हणजे आताच सांगितलेली १ ± j१.७३२. Tr चे झीरो ०, −०.५ आणि −१ वर आहेत. यांपैकी −०.५ आणि −१ ही केवळ ४० टक्के ड्रूप असलेल्या संचाची मुळे आहेत, कारण Tr फार मोठा झाला की डॅशपॉट तात्पुरता ड्रूप सोडतच नाही. या लोकसची दोन्ही टोके अशी भौतिक अर्थाची आहेत.

येथे मुळे उजवीकडून सुरू होतात आणि Tr वाढवताना डावीकडे येतात. राउथ चाचणीने सीमा Tr = १.१२ सेकंद येते आणि तेथे डोलण्याची कोनीय वारंवारता ०.५२६, म्हणजे आवर्तकाल जवळजवळ १२ सेकंद. Tr = ५ सेकंदांना प्रभावी जोडीचे अवमंदन गुणोत्तर ०.५३ पर्यंत चढते. साडेअकरा सेकंदांच्या आसपास ही जोडी वास्तव अक्षावर उतरते, मग फुटते आणि एक मूळ शून्याकडे रांगू लागते. तेव्हा डोलणे नसते, पण भार बदलल्यावर वारंवारता जागेवर यायला फार वेळ लागतो.

तुमचा आवर्तकाल सीमेवरच्या आकड्याशी जुळतो आहे. सुईझडप प्रमाणाबाहेर उघडी असेल किंवा डॅशपॉटमधले तेल पातळ झाले असेल, तर Tr लहान होऊन हेच घडेल. मात्र M, Tw आणि दोन्ही ड्रूप मी गृहीत धरलेले आहेत. तुमच्या संचाचे खरे आकडे घालून पाहिल्याशिवाय या जुळण्यावर विसंबू नये.

पेनस्टॉक

सुईझडपेचे म्हणणे समजले, पण एक गोष्ट यात बसत नाही. आमचे डोलणे भार एक तृतीयांशाहून कमी असताना दिसते. भार वाढला की ते थांबते. तुमच्या हिशेबाने तर कमी भाराला Tw लहान होतो आणि संच अधिक शांत असायला हवा.

तळटीप

ही अडचण खरी आहे. Tw = ०.५ घालून तेच समीकरण पुन्हा मांडले तर Tr ची सीमा १.१२ वरून ०.२५ सेकंदावर उतरते. म्हणजे जो Tr पूर्ण भाराला पुरतो तो कमी भाराला सहज पुरायला हवा. तुमचे निरीक्षण याच्या नेमके उलट आहे, म्हणून निव्वळ Tw किंवा Tr वर बोट ठेवता येत नाही.

माझा संशय गेटच्या दांड्यांमधील खिळखिळेपणावर, म्हणजे बॅकलॅशवर किंवा पायलट झडपेच्या मृतपट्ट्यावर आहे. त्यामुळे ठरावीक आवाक्याचे डोलणे टिकून राहू शकते आणि रूट लोकसला ते दिसत नाही, कारण तो रेषीय समीकरणाची मुळे दाखवतो. शिवाय `(1 − Tw·s)/(1 + 0.5·Tw·s)` हे प्रतिमान आदर्श टर्बाइनचे आहे. कमी गेटला टर्बाइनचे गुणांक बदलतात, ०.५ हा आकडा तोच राहत नाही आणि गेट-ते-शक्ती हा गेनही बदलतो. म्हणजे भार बदलताना दोन-तीन राशी एकदम बदलतात आणि एकाच राशीचा वक्र अपुरा पडतो. त्यासाठी दशांश यांनी सुरुवातीला सुचवलेली वक्रांची मालिकाच काढावी लागेल.

दशांश

मला बॅकलॅशपेक्षा भाराचे स्वरूप महत्त्वाचे वाटते. वारंवारता वाढली की मोटरींचा भार वाढतो, आणि तेवढे अवमंदन आपोआप मिळते. रात्री केवळ दिवे आणि हीटर उरले तर ते मिळत नाही. समीकरणात `M·s` ऐवजी `M·s + D` लिहिले आणि D ला बदलती राशी मानले, तर हा परिणाम किती मोठा आहे हे समजेल. कमी भार आणि लहान D एकाच वेळी येत असतील तर भलतेच कारण पुढे केले जाण्याचा धोका आहे.

तळटीप

D चा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे, पण मी वर D = ० धरूनच Tr ची सीमा ०.२५ काढली आहे. D नसतानाही कमी भाराला संच स्थिर येतो, तेव्हा D ची उणीव एकटी हे घडवणार नाही. दुसरी एखादी राशी सीमेजवळ गेली असेल, तर ती भर घालू शकेल.

पेनस्टॉक, तुमच्याकडे वारंवारता आणि गेटची स्थिती एकाच कागदावर नोंदलेली असेल तर निर्णय लवकर होईल. गेटची रेघ मऊ ज्या-वक्रासारखी असेल तर दोष मुळांत आहे, म्हणजे Tr किंवा गेनमध्ये. वारंवारता सरकत असताना गेटची रेघ काही क्षण सपाट राहून मग एकदम हलत असेल तर दांडे आणि झडप उघडून पाहावी लागेल. आणखी एक खूण म्हणजे आवाका. बॅकलॅशचे डोलणे ठरावीक आवाक्यावर थांबते, तर सीमेपलीकडे गेलेल्या मुळांचे डोलणे गेट पूर्ण उघड्या-मिटल्या टोकाला आदळेपर्यंत वाढत जाते.

मृण्मयी

मी M·s + D घालून पाहिले. D प्रमाण रूपात धन चिन्हानेच येतो, म्हणून १८० अंशांचा नियम लागतो. मात्र k = २ ठेवून डॅशपॉटशिवाय काढले तर D च्या लोकसचे पोल उजव्या अर्धप्रतलात पडतात, जसे Tr च्या लोकसचे होते. मार्गदर्शकांना Tw आणि Tr हे दोन लोकस दाखवणार आहे, आणि δ चा वक्र फक्त −०.५ ते +१ या पट्ट्यात.

पेनस्टॉक

आमच्या जुन्या नोंदपट्टीवर केवळ वारंवारता आहे, गेटची स्थिती कधी नोंदलीच नाही. आवाका मात्र ठरावीकच राहतो, वाढत नाही. पुढच्या बंद काळात सर्व्होमोटरच्या दांड्यावर स्थितिमापक बसवून पाहतो. सुईझडपेला तोवर हात लावत नाही.